पडद्यावरची लहर नेमकी कुणाची?

एक किलोओहमचा रेझिस्टर, एक नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर, ब्रेडबोर्डाचा एक कोपरा. रेझिस्टरच्या एका टोकाला फंक्शन जनरेटरची स्क्वेअर वेव्ह द्यायची, दुसऱ्या टोकाला कपॅसिटर जोडून तो ग्राउंडला न्यायचा आणि कपॅसिटरवरचा व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर बघायचा. डिप्लोमाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातला हा प्रयोग. पुस्तकानुसार या सर्किटचा राइज टाइम २.२ मायक्रोसेकंद यायला हवा. पडद्यावर मात्र २.३ किंवा २.३५ दिसतो, आणि प्रोबवरचा बारीक स्विच १एक्सकडे सरकलेला असेल, तर २.५च्याही पुढे जातो. जर्नलमध्ये ‘निरीक्षणातील त्रुटी’ असे लिहून पान उलटले जाते. खरे तर ऑसिलोस्कोप शिकायला सुरुवात करायची ती याच फरकापासून. या जादाच्या मायक्रोसेकंदाच्या अंशाला कारण आहे, आणि ते कारण आकड्यांत मांडता येते.

आधी राइज टाइम म्हणजे काय ते पाहू. कपॅसिटर रेझिस्टरमधून भरताना व्होल्टेज सुरुवातीला भरभर चढतो आणि वर पोहोचता पोहोचता मंदावतो. तो शेवटच्या पातळीला तंतोतंत कधी टेकला हे सांगता येत नाही, आणि चढायला नेमकी कुठे सुरुवात झाली हेही गोंगाटात हरवते. म्हणून दोन्ही टोके सोडून १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंतचा वेळ मोजायचा, असा संकेत आहे. या अवधीत ‘अजून किती चढायचे बाकी आहे’ तो हिस्सा ९० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येतो, म्हणजे नवव्या भागावर. ९ चा नैसर्गिक लॉगॅरिदम २.१९७ आहे. २.२ हा आकडा तिथून येतो: राइज टाइम म्हणजे रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स गुणिले २.२. आपल्या सर्किटात पहिल्या दोघांचा गुणाकार एक मायक्रोसेकंद आहे.

मोजायला बसण्यापूर्वी एक काम उरकायला हवे. प्रोबची टोकदार चिमटी स्कोपच्या पुढच्या बाजूला असलेल्या चाचणीच्या पिनला लावायची. तिथे बहुधा एक किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह मिळते. लहरीचे कोपरे सरळ काटकोनात दिसायला हवेत. ते गोलावलेले असतील किंवा टोचल्यासारखे वर उसळत असतील, तर प्रोबवरचा छोटा स्क्रू प्लास्टिकच्या पेचकसाने हळूहळू फिरवून ते सरळ करायचे. हे न करता पुढे गेले, तर गोलावलेला कोपरा मंद राइज टाइमचे सोंग घेतो आणि उसळलेला कोपरा रिंगिंगचे. म्हणजे आपण ज्या दोन गोष्टी मोजायला निघालो, नेमक्या त्याच प्रोब खोट्या दाखवतो.

आता जनरेटरवर २० किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह लावू. अर्धी लहर २५ मायक्रोसेकंदांची होते, म्हणजे कपॅसिटरला पूर्ण भरायला भरपूर सवड मिळते. वारंवारता चुकून ५०० किलोहर्ट्झ ठेवली, तर कपॅसिटर भरत आला न आला तोच उलटी पाळी सुरू होते आणि पडद्यावर त्रिकोणासारखी लहर दिसते. तिच्यावर राइज टाइम मोजण्यात अर्थ नाही. ट्रिगर चढत्या कडेवर आणि लहरीच्या मध्यावर ठेवायचा, म्हणजे प्रत्येक वेळी चित्र एकाच जागी उमटते. टाइमबेस प्रत्येक चौकोनाला ५०० नॅनोसेकंद इतका ताणला की आपली चढण साडेचार-पाच चौकोनांत पसरते. जुन्या सीआरओच्या पडद्यावर ०, १०, ९० आणि १०० टक्के अशा खुणा छापलेल्या असत. लहर पाच चौकोन उंचीची करून ० आणि १००च्या रेषांमध्ये बसवायची आणि मधला वेळ डोळ्यांनी मोजायचा. आजचे डिजिटल स्कोप बटण दाबताच आकडा देतात. पण टाइमबेस ढिला असेल, तर चढणीवर मोजके एक-दोनच नमुने पडतात आणि यंत्राला त्याहून बारीक काही कळत नाही. कित्येक स्कोप अशा वेळी आकड्याच्या आधी ‘<’ ही खूण दाखवतात. त्या खुणेकडे दुर्लक्ष करणारे बरेच जण भेटतात.

इथेच आणखी एक गोंधळ उडतो. जनरेटरवर दोन व्होल्ट लावलेले असतात आणि स्कोप चार दाखवतो. यंत्र बिघडलेले नसते. जनरेटरच्या आत, आउटपुटला सलग, ५० ओहमचा रेझिस्टन्स असतो. पुढेही ५० ओहमचाच भार जोडला जाईल असे गृहीत धरून तो आकडा दाखवतो. भार जवळजवळ नसेल, तर आतला रेझिस्टन्स काहीच खात नाही आणि पूर्ण दुप्पट व्होल्टेज बाहेर येतो. मेनूत भार ‘हाय झेड’ निवडला की दोन्ही आकडे जुळतात. स्कोपच्या मेनूत प्रोब १०एक्स लिहिलेला आहे आणि हातातला प्रोबही तसाच आहे ना, हेही तेव्हाच तपासून घ्यावे. नाहीतर उत्तर दहापटीने चुकते.

हे ५० ओहम राइज टाइममध्येही शिरतात. कपॅसिटर भरणारा प्रवाह जनरेटरच्या आतूनच येतो, तेव्हा खरा रेझिस्टन्स १०५० ओहम झाला. राइज टाइम २.३१ मायक्रोसेकंदांवर गेला. आता प्रोब. १०एक्स प्रोबचे टोक सर्किटला टेकवले की सुमारे १५ पिकोफॅरॅडचा कपॅसिटर आपल्या कपॅसिटरला समांतर जोडला जातो. १००० पिकोफॅरॅडचे १०१५ झाले आणि उत्तर २.३४ वर पोहोचले. १एक्स स्थितीत स्कोपचा इनपुट आणि अख्ख्या केबलचा कपॅसिटन्स सर्किटवर येऊन पडतो. तो १०० पिकोफॅरॅडच्या आसपास असतो, आणि उत्तर २.५४ होते.

कुणी रास्त शंका काढेल. बाजारातला रेझिस्टर पाच टक्क्यांनी आणि सिरॅमिक कपॅसिटर दहा टक्क्यांनी इकडे-तिकडे असू शकतो, मग २.३१ आणि २.३४ यांतला फरक पकडायचा कसा? एका मोजणीतून तो पकडता येत नाही, आणि तसा दावा करूही नये. पण तेच दोन सुटे भाग तिथेच ठेवून फक्त प्रोबचा स्विच हलवला, तर जो बदल दिसतो तो केवळ प्रोबचा असतो. सुट्या भागांची चूक दोन्ही मोजण्यांत सारखीच असते. म्हणून स्कोपवर काम करताना एक आकडा पाहण्यापेक्षा एकच गोष्ट बदलून दोन आकडे पाहणे अधिक भरवशाचे.

हा परिणाम डोळ्यांत भरेल असा पाहायचा तर सर्किट बदलावे. रेझिस्टर दहा किलोओहमचा आणि कपॅसिटर १०० पिकोफॅरॅडचा, म्हणजे ज्याच्यावर १०१ छापलेले असते तो. गुणाकार पुन्हा तोच एक मायक्रोसेकंद. कागदावर हे सर्किट आधीच्याचे जुळे भावंड आहे. पडद्यावर मात्र १०एक्स प्रोबने सुमारे २.५ मायक्रोसेकंद येतात, आणि १एक्सवर नेताच ४.४. मोजणाऱ्या उपकरणानेच मोजायची गोष्ट जवळजवळ दुप्पट केली. १०एक्स प्रोबमध्ये टोकापाशी नऊ मेगओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर छोटा कपॅसिटर असतो. तो संकेताचा दहावा हिस्साच पुढे पाठवतो, आणि त्या बदल्यात सर्किटवरचा भार कितीतरी कमी करतो. अगदी क्षीण, मिलिव्होल्टांतला संकेत नसेल, तर १एक्सचा मोह टाळलेला बरा.

स्कोपचा स्वतःचाही राइज टाइम असतो. ०.३५ ला बँडविड्थने भागले की तो मिळतो. ५० मेगाहर्ट्झच्या स्कोपसाठी तो ७ नॅनोसेकंद, १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपसाठी ३.५. मायक्रोसेकंदांच्या चढणीपुढे तो नगण्य. पण जनरेटरची स्वतःची कड किती तीव्र आहे हे ५० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर थेट पाहिले आणि १२ नॅनोसेकंद दिसले, तर त्यातून ७ सरळ वजा करायचे नसतात. वर्गांची वजाबाकी करायची: १४४ वजा ४९, म्हणजे ९५, आणि त्याचे वर्गमूळ ९.७. खरी कड दहा नॅनोसेकंदांच्या आत आहे. पडद्यावर ७.५ दिसले असते, तर हे गणित जवळपास निरुपयोगी ठरले असते, कारण तेव्हा आपण मुख्यतः स्कोपच मोजत असतो.

आता रेझिस्टर काढून त्याच्या जागी १०० मायक्रोहेन्रीची इंडक्टर कॉइल लावू. कपॅसिटर पुन्हा एक नॅनोफॅरॅडचा. वारंवारता दहा किलोहर्ट्झ. जनरेटरने शून्यावरून चार व्होल्टांवर उडी घेतली, की कपॅसिटरवरचा व्होल्टेज चारवर थांबत नाही. तो सातच्या आसपास जाऊन खाली येतो, चारच्याही खाली जातो, पुन्हा वर येतो, आणि दर फेरीला थोडा थोडा शांत होत वीसेक मायक्रोसेकंदांत स्थिरावतो. हेच रिंगिंग. ढकलून सोडून दिलेला झोपाळा मधल्या जागी येऊनही थांबत नाही, तसे हे आहे. कॉइलमधून वाहणाऱ्या प्रवाहाला एकाएकी थांबता येत नाही, म्हणून कपॅसिटर पुरता भरल्यावरही प्रवाह त्यात भर घालतच राहतो.

या चित्रातून दोन आकडे वाचायचे. लागोपाठच्या दोन शिखरांमधले अंतर दोन मायक्रोसेकंद येते, म्हणजे वारंवारता ५०० किलोहर्ट्झच्या जवळ. सूत्र १ / (2π√(LC)) हेच ५०३ किलोहर्ट्झ सांगते. दुसरा आकडा म्हणजे उसळी किती उंच गेली. तिला आवर घालणारा इथे एकच मोठा घटक आहे, जनरेटरचे तेच ५० ओहम. त्यावरून पहिली उसळी ७८ टक्के निघते. कॉइलच्या तारेचा काही ओहमांचा रेझिस्टन्स धरला, तर थोडी कमी. प्रत्यक्षात ६० टक्केच दिसली, तर कॉइलच्या गाभ्यात ऊर्जा वाया जाते आहे किंवा तिच्या तारेचा रेझिस्टन्स वाटला त्याहून जास्त आहे, असा संशय घ्यायला जागा आहे.

रिंगिंग शमवायचे तर सलग रेझिस्टर लावायचा, पण किती ओहमांचा? कॉइलच्या इंडक्टन्सला कपॅसिटन्सने भागून वर्गमूळ काढले की ३१६ ओहम मिळतात. एकूण रेझिस्टन्स याच्या दुप्पट, म्हणजे ६३२ झाला की उसळी पूर्ण थांबते. जनरेटरचे ५० आधीच आहेत, म्हणून बाजारात सहज मिळणारा ५६० ओहमचा रेझिस्टर पुरतो. आधी २२० लावून पाहावा: उसळी २३ टक्क्यांवर उतरते. मग ३३०: दहाच्याही आत. मग ५६०: लहर गुळगुळीत चढते आणि थांबते. इथवर आल्यावर २.२ किलोओहमचाही लावून पाहावाच, कारण त्याने दुसरी बाजू कळते. उसळी नाही, पण चढायला चार मायक्रोसेकंदांहून जास्त लागतात. ५६० ओहमने हेच काम एका मायक्रोसेकंदात होत होते, आणि काहीच न लावता त्याच्याही तिसऱ्या हिश्श्यात. वेग हवा की स्थैर्य, हा सौदा सर्किट रचणाऱ्याला प्रत्येक वेळी करावा लागतो. तो समजून घ्यायला चार रेझिस्टर बदलण्याइतका सरळ दुसरा मार्ग नाही.

एक धोका मात्र सांगायलाच हवा. प्रोबची ग्राउंड क्लिप स्कोपच्या आतून थेट भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेली असते, आणि बहुतेक जनरेटरांची काळी चिमटीही तशीच. कॉइलवरचा व्होल्टेज पाहायचा म्हणून तिच्या एका टोकाला प्रोब आणि दुसऱ्या टोकाला ग्राउंड क्लिप लावली, तर कपॅसिटर त्या क्लिपमधून शॉर्ट होतो आणि चित्र निरर्थक होते. अशा वेळी दोन चॅनेल वापरायचे, दोन्ही क्लिपा ग्राउंडलाच लावायच्या आणि स्कोपला दोन्ही चॅनेलची वजाबाकी करायला सांगायचे. ब्रेडबोर्डवर ही चूक फक्त वेळ खाते. मेन्सच्या विजेवर चालणाऱ्या सर्किटात तीच चूक स्फोट घडवते आणि जीवही घेऊ शकते. शिकताना स्कोपची क्लिप मेन्सच्या जवळ नेऊच नये.

याच क्लिपची तार खोटे रिंगिंगही निर्माण करते. १५ सेंटीमीटरच्या तारेचा इंडक्टन्स ढोबळमानाने १५० नॅनोहेन्री धरू. प्रोबच्या टोकाचा कपॅसिटन्स १२ पिकोफॅरॅड असेल, तर दोघे मिळून ११९ मेगाहर्ट्झला वाजतात. दहा-वीस नॅनोसेकंदांची कड त्यांना फारशी हलवत नाही, म्हणून साध्या फंक्शन जनरेटरवर हा दोष झाकलेला राहतो. त्याच्याऐवजी ७४एसी१४ ही चिप लावली, की तिच्या एक-दोन नॅनोसेकंदांच्या कडेमागे बारीक लाटांची झालर दिसते. स्कोप मात्र १०० मेगाहर्ट्झचा किंवा त्याहून वरचा हवा. ही झालर सर्किटची की तारेची, हे ओळखायला पुन्हा एकच गोष्ट बदलायची. लांब तार काढून प्रोबबरोबर मिळणारी छोटी स्प्रिंग टोकाशेजारी लावायची आणि शेजारच्याच ग्राउंडला टेकवायची. लाटांची वारंवारता वर सरकली आणि त्या खुजा झाल्या, तर दोष मोजणीचा होता. त्या जशाच्या तशा राहिल्या, तर त्या सर्किटाच्या. तिसरी एक शक्यताही तपासावी: प्रोबचे टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला लावून दोन्ही सर्किटच्या ग्राउंडला टेकवायचे. तरीही पडद्यावर काही वळवळत असेल, तर ती तार आजूबाजूचे उचलते आहे.

अमेरिकेतल्या लिनिअर टेक्नॉलॉजी कंपनीचे जिम विल्यम्स यांनी १९९१ साली वेगवान अ‍ॅम्प्लिफायरवर एक प्रदीर्घ टिपण लिहिले. अ‍ॅप्लिकेशन नोट ४७ या क्रमांकाने ते आजही इंजिनिअर वाचतात. त्यातल्या एका प्रकरणात ‘मिस्टर मर्फी’च्या नावाने बिघडलेल्या लहरींचे प्रदर्शनच मांडले आहे: टर्मिनेशन नसलेली केबल, ढिसाळ ग्राउंड, नीट न जुळवलेला प्रोब. यातल्या कित्येक लहरींत अ‍ॅम्प्लिफायरचा काहीच दोष नसतो. वाचणाऱ्याने आधी लहर पाहून कारण ओळखायचा प्रयत्न करावा आणि मगच मजकूर वाचावा, इतकी ती पाने बोलकी आहेत.

रिंगिंग सर्किटाचेच आहे हे पक्के झाले, तर त्यामागचा इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स कुठे छापलेला नसला तरी मोजता येतो. आपल्याच कॉइलवर याची तालीम होते. एक नॅनोफॅरॅडच्या कपॅसिटरला तसेच आणखी तीन समांतर जोडायचे. कपॅसिटन्स चौपट होतो आणि वारंवारता बरोबर निम्मी, २५० किलोहर्ट्झच्या आसपास. हीच गोष्ट उलटी वापरायची. समजा, बारा व्होल्टांचे पाच व्होल्ट करणाऱ्या छोट्या बक मॉड्यूलवर ८० मेगाहर्ट्झचे रिंगिंग दिसले. तिथे ग्राउंडपर्यंत कपॅसिटर जोडत जायचे आणि वारंवारता ४० मेगाहर्ट्झवर आली की थांबायचे. त्याला ३३० पिकोफॅरॅड लागले, तर दडलेला कपॅसिटन्स त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ११० पिकोफॅरॅड. वारंवारता आणि कपॅसिटन्स कळला की सूत्रातून इंडक्टन्स ३६ नॅनोहेन्री निघतो. त्याला ११० पिकोफॅरॅडने भागून वर्गमूळ काढले की १८ ओहम येतात. म्हणजे १८ ओहमचा रेझिस्टर आणि त्याला सलग तोच ३३० पिकोफॅरॅडचा कपॅसिटर घेऊन त्या जागेपासून ग्राउंडपर्यंत जोडायचा. यालाच स्नबर म्हणतात. रेझिस्टर थोडा गरम होईल, कारण कपॅसिटर दर फेरीला भरताना-रिकामा होताना त्यात ऊर्जा जिरते. म्हणून कपॅसिटर गरजेपेक्षा मोठा घेऊ नये. मग छोटी स्प्रिंग लावलेला प्रोब पुन्हा त्याच जागी टेकवून लाटा किती उरल्या ते पाहायचे, आणि १५ किंवा २२ ओहमने त्या आणखी कमी होतात का, हे रेझिस्टर बदलून ठरवायचे.